बनावट न्यायनिवाड्यांचे दाखले आणि त्यांची पडताळणी

अस्तित्वात नसलेला निवाडा खरा म्हणून न्यायालयापुढे मांडला जातो, तेव्हा त्याला बनावट दाखला म्हणतात. मजकूर लिहून देणारी चॅटजीपीटीसारखी साधने वकिलांच्या हाती आल्यापासून हा प्रकार वाढला. पक्षकारांची नावे, वर्ष, खंड आणि पान यांची ठरावीक मांडणी ही साधने हुबेहूब उतरवतात, पण त्या पानावर खरोखर काय छापले आहे हे मुळात पाहत नाहीत. त्यामुळे खोटा दाखला दिसायला खऱ्याइतकाच नेटका असतो.

सर्वांत जास्त चर्चा झालेले प्रकरण न्यूयॉर्कचे, 'माटा विरुद्ध अवियांका'. त्यात वकिलांनी 'वर्गीस विरुद्ध चायना सदर्न एअरलाइन्स' या निवाड्याचा दाखला दिला आणि तो अमेरिकी अपील न्यायालयांचे निवाडे छापणाऱ्या फेडरल रिपोर्टरच्या तिसऱ्या मालिकेतील खंड ९२५, पान १३३९ वर असल्याचे लिहिले. ते पान आहे, पण भलत्याच खटल्याचे, 'जे. डी. विरुद्ध अझार'चे. दाखला खरा आहे का, असे वकिलाने त्याच साधनाला विचारले होते आणि साधनाने होकार दिला होता. न्यायालयाने प्रती मागितल्यावर वकिलांनी निवाड्यांचे कल्पित उतारेही दाखल केले. २२ जून २०२३ रोजी न्यायाधीश केव्हिन कॅस्टेल यांनी पाच हजार डॉलरचा दंड ठोठावला. शंका उपस्थित झाल्यावरही वकील त्या दाखल्यांना चिकटून राहिले, हे न्यायालयाला विशेष खटकले.

मुंबई उच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२५ मध्ये 'केएमजी वायर्स' प्रकरणात प्राप्तिकर आकारणीचा आदेश रद्द केला. त्या आदेशातील तीन निवाडे कुठेच सापडत नव्हते. चूक इथे वकिलाची नव्हे, अधिकाऱ्याची होती.

गोव्यात हा धोका अधिक आहे, असे म्हणायला सबळ कारण आहे. येथील वारसा, विवाहातील मालमत्ता, दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारे मुंडकार आणि गावाची सामाईक जमीन सांभाळणारी कोमुनिदाद यांचे कायदे देशात इतरत्र क्वचितच आढळतात. त्यांवरील निवाडे थोडे, म्हणून साधनाला शिकायला मिळालेला मजकूरही तुटपुंजा. अशी पोकळी ते इतर राज्यांतील कुळकायद्याच्या भाषेने भरून काढू शकते.

समजा, मुंबईतील फ्लॅटच्या वारशाबाबत ज्युनियरने आणलेल्या टिपणात असे लिहिले आहे: 'जुझे पावलो कुतिन्यु विरुद्ध मारिया लुइझा वालेंतिना परेरा, सर्वोच्च न्यायालय, २०१९. गोमंतकीयाच्या गोव्याबाहेरील मालमत्तेला भारतीय वारसा कायदा लागू.' खटला शोधला की तो मिळतो. दिवाणी अपील ७३७८/२०१०, निकाल १३ सप्टेंबर २०१९. नाव, न्यायालय आणि वर्ष जुळले म्हणून इथेच थांबणारा वकील फसतो. निवाडा उघडून वाचला की कळते की निष्कर्ष नेमका उलटा आहे: गोव्याचा अधिवास असलेल्या व्यक्तीच्या भारतातील मालमत्तेचा वारसा, ती गोव्याबाहेर असली तरी, १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार ठरतो. त्याच निवाड्यात समान नागरी संहितेबद्दल काही विधाने आहेत, पण ती वादाच्या मुद्द्यावरचा निर्णय नव्हेत, आणि त्यांना बंधनकारक म्हणून मांडणे हीही चूकच. खरा खटला आणि खोटा निष्कर्ष ही जोडी निव्वळ काल्पनिक निवाड्यापेक्षा घातक असते, कारण वरवरच्या तपासणीत ती उत्तीर्ण होते.

म्हणून पडताळणीचा क्रम ठरवून घ्यावा. आधी निवाडा न्यायालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा judgments.ecourts.gov.in वर शोधायचा. साधनाने दिलेल्या दुव्यावर किंवा सारांशावर विसंबायचे नाही. मग न्यायमूर्तींची नावे, तारीख आणि अपील क्रमांक जुळवायचे. मुंबई उच्च न्यायालयाचे पर्वरी येथील गोवा खंडपीठ अलीकडच्या निवाड्यांना स्वतःच देते त्या तटस्थ क्रमांकात वर्षानंतर BHC-GOA येते आणि दोन न्यायमूर्तींच्या पीठाचा असल्यास शेवटी DB असते. 'पर्वरीचा निवाडा' म्हणून आलेल्या क्रमांकात BHC-AS दिसले तर तो मुंबईच्या अपील शाखेचा आहे. त्यानंतर ज्या परिच्छेदावर भिस्त ठेवायची तो मुळातून वाचायचा, त्याच्या आगेमागेचे परिच्छेदही. शेवटी तो निवाडा पुढे रद्द झाला किंवा वेगळ्या तथ्यांवरचा म्हणून बाजूला ठेवला गेला का ते पाहायचे. टिपणातील प्रत्येक दाखल्यासमोर तो कोणी, कुठे उघडून पाहिला हे लिहिले, की सिनियरला सही करताना नेमके कुठे बोट ठेवायचे ते कळते.

मात्र संकेतस्थळावर न सापडणे म्हणजे बनावट असणे नव्हे. १९८२ मध्ये गोव्यात खंडपीठ आले, त्याआधीचे न्यायिक आयुक्त न्यायालयाचे निवाडे इंटरनेटवर सहज मिळतीलच असे नाही. अशा वेळी जुने छापील अहवाल पाहावेत किंवा खटल्याचा क्रमांक देऊन निबंधक कार्यालयाकडून प्रमाणित प्रत घ्यावी. प्रत हाती येईपर्यंत तो दाखला युक्तिवादात घालू नये.

दाखल केल्यानंतर चूक लक्षात आली तर पुढील तारखेची वाट पाहू नये. विरोधी वकिलाला कळवून, दाखला मागे घेत असल्याचे न्यायालयाला लेखी सांगावे आणि त्याच्या आधारे मांडलेला मुद्दाही सोडावा किंवा खऱ्या आधाराने पुन्हा मांडावा. जाणूनबुजून दिशाभूल केल्याचे दिसले तर ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली व्यावसायिक गैरवर्तनाची कारवाई होऊ शकते.