तक्रार नसताना पडदा का तपासतात : मधुमेही डोळ्यांच्या तपासणीची पार्श्वभूमी

ऐरोलीहून रोज लोकलने ठाण्याला ये-जा करणारे 52 वर्षांचे एक गृहस्थ उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणू. मधुमेहाचे निदान होऊन 9 वर्षे झाली, गोळ्या चालू आहेत आणि शुगर कधी आटोक्यात असते, कधी नसते. जवळच्या चष्म्याचा नंबर काढायला ते जातात, तेव्हा दोन्ही डोळ्यांनी तक्त्यावरची 6/6 ची ओळ सहज वाचतात. तरीही बाहुली मोठी करणारे थेंब टाकून पडद्याचा फोटो काढल्यावर डाव्या डोळ्यात, नस जिथे पडद्यात शिरते तिथे, बारीक नव्या रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. अक्षरे स्वच्छ दिसत असताना डोळा इतका बिघडलेला कसा असू शकतो, या प्रश्नाने वैद्यकशास्त्रालाही शंभर वर्षे छळले आहे.

जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा पाहण्याची सोयच मुळी 1851 पर्यंत नव्हती. त्या वर्षी हेल्महोल्ट्झ यांनी नेत्रदर्शकाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पुढच्या काही वर्षांतच व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगर यांनी मधुमेही रुग्णाच्या पडद्यावरील डाग नोंदवले. हा बदल मधुमेहामुळेच होतो का, यावर मात्र वाद पेटला. फोन ग्रेफे यांच्यासारख्या मातब्बर नेत्रतज्ज्ञाला तसा संबंध मान्य नव्हता, आणि दोष रक्तदाबाचा किंवा धमन्या कठीण होण्याचा असावा, हे मत पुढेही दीर्घकाळ टिकून राहिले. इन्सुलिन 1922 मध्ये रुग्णांना मिळू लागले, तेव्हा चित्र बदलले. पूर्वी जे तरुण रुग्ण लवकर दगावत, ते आता वीस-वीस वर्षे जगू लागले आणि त्यांच्या डोळ्यांत हा आजार वाढताना दिसू लागला. जीव वाचवणाऱ्या औषधानेच डोळ्यांचा आजार उजेडात आणला, असे म्हणायला हरकत नाही.

नेमके काय बिघडते, याचा धागा 1960 च्या सुमारास बॉस्टनमध्ये कुवाबारा आणि कोगन यांच्या हाती लागला. मृत व्यक्तीच्या डोळ्याचा पडदा त्यांनी ट्रिप्सिन या पाचकद्रवात ठेवला. बाकीचा ऊतक विरघळून गेला आणि रक्तवाहिन्यांचे जाळे तेवढे उरले. निरोगी पडद्यात केशवाहिनीला बाहेरून बिलगलेल्या पेरिसाइट नावाच्या आधारपेशी दाटीने असतात. मधुमेह्याच्या पडद्यात त्यांच्या जागी रिकामी कवचे दिसली. या पेशींत साखर शिरताना इन्सुलिनची परवानगी लागत नाही, त्यामुळे रक्तात साखर चढली की ती पेशीतही चढते. आधार गेल्यावर भिंत जागोजागी फुग्यासारखी फुगते, तिथून रक्त आणि पाणी झिरपते, आणि काही वाहिन्या बंदच पडतात. पडद्याचा उपाशी भाग मग व्हीईजीएफ हे प्रथिन सोडून नव्या वाहिन्या मागवतो. त्या येतात खऱ्या, पण ठिसूळ असतात आणि डोळ्यातील पारदर्शक जेलीच्या आधाराने वाढतात.

ऐरोलीच्या गृहस्थांना काहीच का जाणवले नाही, याचे उत्तर याच क्रमात आहे. वाचायला लागतो तो पडद्याच्या मधला, दीड-दोन मिलिमीटरहून लहान भाग. तो शाबूत असेपर्यंत कडेचा मोठा प्रदेश उपाशी पडला तरी अक्षरे स्पष्ट दिसतात. पडद्याला वेदना कळत नाही, आणि एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. एखाद्या दिवशी ठिसूळ वाहिनी फुटते, जेलीत रक्त उतरते आणि डोळ्यासमोर काळे धागे किंवा पडदा येतो. म्हणजे जी पहिली खूण आपण मानतो, ती आजाराच्या दृष्टीने बरीच उशिराची असते.

तरीही केवळ शोधून उपयोग काय, हा प्रश्न होताच. त्याचे उत्तर अमेरिकेतील मोठ्या चाचणीने 1976 मध्ये दिले : कडेच्या पडद्यावर लेझरचे विखुरलेले डाग दिल्यास गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून अधिक घटतो. मात्र गेलेली नजर लेझरने परत येत नाही, म्हणूनच तक्रारीची वाट न पाहता तपासण्याला अर्थ आला. टाइप 2 मध्ये मधुमेह कधी सुरू झाला हे कळत नसल्याने निदानाच्या वेळीच आणि साधारणपणे दरवर्षी पडदा पाहायचा, टाइप 1 मध्ये पाच वर्षांच्या आत सुरुवात करायची, हा प्रघात त्यातूनच आला. फोटोलाही मर्यादा आहेत. मोतीबिंदू असला तर तो धूसर येतो आणि मधल्या भागाची सूज सपाट फोटोत निसटू शकते. तिच्यासाठी पडद्याचे थर उभ्या छेदात दाखवणारी ओसीटी ही तपासणी लागते.

आपल्या गृहस्थांची ओसीटी ठीक निघते आणि डाव्या डोळ्याला तीन बैठकांत लेझर होते. महिन्याभराने ते पुन्हा 6/6 ची ओळ वाचतात, पण रात्री उतरताना ऐरोली स्थानकाच्या जिन्याच्या पायऱ्या आता पूर्वीपेक्षा अंधुक वाटतात, कारण कडेच्या पडद्याचा काही भाग लेझरने मुद्दाम जाळलेला आहे.