डायनॅमिक म्हणजे ‘जास्त इनपुट’ नव्हे

कोल्हापुरात राजारामपुरीत संध्याकाळी माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्सची मुलं शिकायला येतात. परीक्षा जवळ आली की दरवर्षी तेच ऐकतो: “सर, एक इनपुट बदललं की स्टॅटिक हॅझार्ड, दोन-तीन एकदम बदलली की डायनॅमिक.” त्यामागोमाग दुसरं वाक्य ठरलेलंच: “के-मॅपवर एक जादा गेट टाकलं की दोन्ही जातात.” हॅझार्ड म्हणजे इनपुट बदलताना वाटांच्या कमीजास्त उशिरामुळे आउटपुटने क्षणभर नको ती उडी मारण्याची शक्यता; त्या उडीला ग्लिच म्हणतात. मुलांचं पहिलं वाक्य साफ चूक आहे. दुसरं अर्धं बरोबर आहे, म्हणून ते जास्त त्रास देतं.

स्टॅटिकवर वेळ घालवत नाही. AB + A'C, त्यात B=C=1, A बदलतो, क्षणभर दोन्ही अँड गेटं शून्यावर, आउटपुट खड्ड्यात; BC हे कन्सेन्सस पद घातलं की काम झालं. हे सगळ्यांना झोपेतही येतं. एवढंच लक्षात ठेवा, की ‘स्टॅटिक’ आणि ‘डायनॅमिक’ ही विशेषणं आउटपुटची आहेत, इनपुटची नाहीत. आउटपुट जागचं हलायलाच नको होतं आणि हललं, तर स्टॅटिक. एकदाच हलायचं होतं आणि तीनदा हललं, तर डायनॅमिक. दोन्हींत इनपुट एकच बदलतंय.

आता बहुस्तरीय सर्किट घ्या. मला हे एक आवडतं, कारण त्यात सगळी नाटकं एकाच ठिकाणी बघायला मिळतात.

```
G = AB + A'C
F = G (A + D)
```

प्रत्येक गेटचा डिले १० नॅनोसेकंद धरू. फक्त A पासून AB च्या अँड गेटकडे जाणाऱ्या वाटेवर मुद्दाम चार इन्व्हर्टर ओळीने लावू, म्हणजे ती वाट संथ होईल. B=C=1 ठेवा, D=1 ठेवा, आणि A शून्यावरून एकवर न्या. A'C २० व्या नॅनोसेकंदाला पडतो, AB मात्र ५० व्याला उठतो. मधल्या काळात G खाली जातो. D=1 असल्यामुळे A + D सतत १ आहे, म्हणून G चा खड्डा जसाच्या तसा F वर येतो: 1→0→1. स्टॅटिक.

आता बाकी काही हलवू नका, फक्त D शून्यावर आणा आणि A पुन्हा शून्यावरून एकवर न्या. आता F ने शून्यावरून एकवर एकदाच जायला हवं. A + D १० व्या नॅनोसेकंदाला उठतो. G त्या वेळी अजून १ च आहे, म्हणून F २० व्याला वर जातो. मग G ३० व्याला पडतो आणि F ४० व्याला खाली येतो. G ६० व्याला परत उठतो, F ७० व्याला परत वर. म्हणजे 0→1→0→1. हा डायनॅमिक हॅझार्ड, आणि इनपुट बदललं एकच.

G च्या पोटातला खड्डा दोन्ही वेळा तोच होता. D=1 असताना तो सपाट आउटपुटवर पडला म्हणून स्टॅटिक दिसला, D=0 असताना उठत्या आउटपुटवर पडला म्हणून डायनॅमिक. डायनॅमिकला A कडून F कडे जाणाऱ्या किमान तीन वेगवेगळ्या वेगाच्या वाटा लागतात: दोन वाटा आत खड्डा करायला आणि तिसरी आउटपुटची मुख्य उडी घ्यायला. साध्या दोन-स्तरीय अँड-ऑर सर्किटमध्ये, एखाद्या पदात A आणि A' दोन्ही घुसवलेले नसतील तर, एक इनपुट बदलताना ही तिसरी वाट मिळतच नाही. म्हणून डायनॅमिक हॅझार्ड शोधायचा तो बहुस्तरीय सर्किटमध्ये.

कागदावर ओळखायची पद्धत सोपी आहे, पण मुलं नेमकं तिथंच घाई करतात. F पसरून लिहा, आणि A व A' ही दोन वेगळी अक्षरं आहेत असं समजून AA' खोडू नका.

```
F = AB + ABD + AA'C + A'CD
```

B=C=1, D=0 घातलं की A + AA' उरतं: डायनॅमिक. D=1 घातलं की A + A' उरतं: स्टॅटिक, एकवरचा. आणि B=0, C=1, D=0 घातलं की नुसतं AA' उरतं: स्टॅटिक, शून्यावरचा, म्हणजे 0→1→0. बूलियन बीजगणितात AA' म्हणजे शून्य, म्हणून सवयीने सगळे ते खोडतात. पुरावा तिथंच होता आणि तोच पुसून मोकळे!

इलाजही इथंच दिसतो. G मध्ये BC घातलं की पहिले दोन्ही हॅझार्ड एकाच गेटने जातात, कारण मूळ खड्डाच बुजतो. तिसरा जात नाही, कारण तिथं B=0 आहे आणि BC झोपलेलं आहे. त्यासाठी F च्या अँड गेटला (B + D) ही आणखी एक जोड लागते.

```
F = (AB + A'C + BC)(A + D)(B + D)
```

ट्रुथ टेबल पडताळून बघा, एकही ओळ बदललेली नाही. B, C, D ही इनपुटं कुठंच उलटी वापरलेली नाहीत, त्यामुळे त्यांच्या एकेकट्या बदलाने त्रास होत नाही. एकेक इनपुट बदलत असेल तर हे सर्किट आता स्वच्छ आहे.

इथवर मुलं खूश असतात. आता खरं अडतं ते.

गेल्या वर्षी एका मुलाने हेच दुरुस्त सर्किट ब्रेडबोर्डवर बसवलं. F ची तार चढत्या कडेवर मोजणाऱ्या काउंटरला जोडली आणि म्हणाला, “सर, सगळे कन्सेन्सस टाकलेत, तरी काउंटर मधेच एक जादा मोजतोय.” आधी मी बटणाच्या बाउन्सची शंका घेतली. (बाउन्स म्हणजे हॅझार्ड नव्हे, हे वर्षातून वीसदा सांगतो.) पण त्याने डीबाउन्स नीट केलं होतं. मग विचारलं, काय बदलतोयस? तो A आणि B एकदम शून्यावरून एकवर नेत होता, C=D=1 ठेवून.

D=1 असताना F म्हणजे AB + A'C. सुरुवातीला A=0, B=0: F=1. शेवटी A=1, B=1: F=1. पण वाटेत काय आहे? B आधी पोचला तर A=0, B=1, F=1, काही बिघडत नाही. A आधी पोचला तर A=1, B=0, आणि ट्रुथ टेबलमध्ये त्या ओळीत F=0 लिहिलंय. सर्किटने काहीच चूक केलेली नाही. विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं. यालाच फंक्शन हॅझार्ड म्हणतात: दोष गेटांच्या मांडणीत नाही, फंक्शनमध्येच आहे.

तो मुलगा लगेच म्हणाला, “मग CD चं एक गेट टाकतो, पूर्ण वाट झाकून जाईल.” झाकली जाईल, पण त्या झाकणाखाली A=1, B=0, C=1, D=1 ही ओळही येते, जिथं F शून्य हवा. म्हणजे ग्लिच गेला आणि फंक्शनही गेलं. तुम्ही दुसरंच सर्किट बांधलं.

“दुसरं एखादं चलाख गेट?” नाही. समजा, तुम्ही कितीही गेटं घालून एक सर्किट बनवलं जे ट्रुथ टेबलशी इमानदार आहे. आता B च्या तारेत, सर्किटमध्ये शिरण्याआधीच, भरपूर उशीर घाला. A पोचलाय, B अजून वाटेत आहे. सर्किटच्या बाजूने बघा: त्याला दिसतंय A=1, B=0. हा B ‘येतोय’ की ‘शून्यच राहणार आहे’, हे त्याला कळायला काही मार्गच नाही. बिंदू चौकात दोघांनी मिळून यायचं ठरवलं आणि एकच जण पोचला, तर दुसरा रंकाळ्याकडून निघालाय की घरी झोपलाय, हे चौकातल्या पानवाल्याला कसं कळणार? B शून्यच राहणार असेल तर सर्किटला कधी ना कधी F=0 द्यावाच लागेल. म्हणून B चा उशीर त्या वेळेपेक्षा मोठा केला की F शून्यावर जाणारच. तुम्ही गेटं आत वाढवता, उशीर बाहेर आहे.

गेटांच्या मांडणीतला तो लॉजिक हॅझार्ड आणि फंक्शनमधला तो फंक्शन हॅझार्ड, ही फोड एडवर्ड आयकेलबर्गर यांनी १९६५ मध्ये मांडली, आणि तिला बगल देऊन गेटं वाढवत बसणं मला अजिबात पटत नाही. पण उलटी चूकही करू नका. दोन इनपुट बदलली म्हणजे फंक्शन हॅझार्डच, असं नाही. सुरुवात आणि शेवट यांच्यामधल्या सगळ्या ओळी तपासा. सगळ्यांत F तोच असेल आणि तरीही ग्लिच येत असेल, तर तो लॉजिक हॅझार्डच आहे, आणि ती संपूर्ण वाट झाकणारं एकच पद घालून तो जातो. मधली एखादी ओळ फितूर असेल तरच फंक्शन हॅझार्ड. आणि हो, डायनॅमिक फंक्शन हॅझार्डला किमान तीन इनपुट बदलावी लागतात: दोन बदलांत वाटेवर एकच मधली ओळ येते, आणि 0→1→0→1 ला दोन मधल्या ओळी लागतात.

मग काउंटरचं काय? एक मार्ग म्हणजे A आणि B कधीच एकदम बदलू न देणं. आधी B, मग A, असा क्रम पाळला तर फितूर ओळ वाटेत येतच नाही. दुसरा मार्ग F वर छोटा आरसी फिल्टर लावण्याचा. तो चालतो, पण A आणि B मध्ये जास्तीत जास्त किती फरक पडू शकतो हे माहीत असेल तरच, आणि फिल्टरने मंदावलेली कड थेट काउंटरच्या क्लॉकला देऊ नये, मध्ये श्मिट ट्रिगर हवा. माझी पसंती तिसऱ्या मार्गाला: F कधीच कुणाचा क्लॉक होऊ देऊ नका. एक वेगळा क्लॉक घ्या, A आणि B त्याच क्लॉकच्या फ्लिपफ्लॉपमधून सोडा, F स्थिर झाल्यावर पुढच्या कडेला त्याचा नमुना घ्या, आणि काउंटरला फक्त तो नमुना दाखवा. मधे F ने कितीही उड्या मारल्या तरी कुणी बघत नाही.

त्या मुलाने तसंच केलं. ग्लिच अजूनही तिथंच आहे. १०० मेगाहर्ट्झचा स्कोप लावला तर दिसतो. २० मेगाहर्ट्झच्या जुन्या स्कोपवर मात्र नुसता एक पुसट दात दिसतो. काउंटर मात्र बरोबर मोजतो.