स्क्रीनिंग आणि असेसमेंट वेगळे कधी झाले आणि का

डायटेटिक्सच्या फर्स्ट इयरच्या मुलांना हॉस्पिटल पोस्टिंग लागली की पहिल्या आठवड्यात हमखास घोळ होतो. नर्सने भरलेला न्यूट्रिशनचा फॉर्म बघून मुलं म्हणतात, "मॅडम, असेसमेंट झालंय." झालेलं नसतंय, झालेलं असतंय स्क्रीनिंग. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांनी मला विचारलेले प्रश्नच खाली घेतलेत, आणि उत्तरं थोडी मागे जाऊन दिलीत, कारण हे दोन शब्द वेगळे का झाले हे कळलं की पाठ करावं लागत नाही.

आधी दोन्ही एकच होतं काय?

आधी दोन्ही नव्हतं. 1936 मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला स्टडली नावाच्या सर्जननं पोटाच्या अल्सरचं ऑपरेशन झालेल्या पेशंटांचे रेकॉर्ड बघितले. ऑपरेशनआधी ज्यांचं वजन 20 टक्के किंवा जास्त उतरलं होतं त्यांच्यातला तिसरा हिस्सा दगावला, आणि ज्यांचं तेवढं उतरलं नव्हतं त्यांच्यात हेच प्रमाण साडेतीन टक्के होतं. म्हणजे वजन काटा आणि "आधी किती होतं?" एवढ्या एका प्रश्नावर धोका ओळखता येत होता. पण पुढं जवळजवळ चाळीस वर्षं हे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. 1974 मध्ये बटरवर्थ या डॉक्टरांनी लिहिलं की हॉस्पिटलात पडून पडून पेशंट कुपोषित होतायत आणि साधी उंची आणि वजनसुद्धा लिहून ठेवलं जात नाही.

मग असेसमेंट आधी आलं की स्क्रीनिंग?

असेसमेंट आधी आलं, आणि गंमत अशी की स्क्रीनिंगची गरज त्यातूनच निर्माण झाली. 1970 च्या दशकात बोस्टनला बिस्ट्रियन आणि ब्लॅकबर्न यांनी पेशंटांचे दंडाचे घेर, दंडामागच्या चिमटीची जाडी, रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन असं सगळं मोजलं आणि वॉर्डात कुपोषण किती पसरलंय ते दाखवलं. पण रोज ॲडमिट होणाऱ्या प्रत्येकाला चिमटा लावून मोजत बसणार कोण? शिवाय नंतर लक्षात आलं की इन्फेक्शन किंवा सूज असली की अल्ब्युमिन तसंच खाली येतं, जेवणाशी त्याचा थेट संबंध नसला तरी. (हे नीट लक्षात ठेवा, अजून अल्ब्युमिनवरून कुपोषण ठरवणारे भेटतात.) 1980 च्या दशकात टोरांटोच्या डेट्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एसजीए म्हणजे सब्जेक्टिव्ह ग्लोबल असेसमेंट आणलं, त्यात पेशंटशी बोलून, अंगावरची चरबी आणि स्नायू हातानं चाचपून, ए, बी किंवा सी असा निकाल, ए म्हणजे ठीक आणि सी म्हणजे गंभीर कुपोषण. रक्ताच्या रिपोर्टची गरजच नाही, पण शिकलेला हात लागतो.

नंतर 1990 च्या दशकात अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या संस्थेनं ॲडमिट झाल्यापासून 24 तासांत प्रत्येकाची न्यूट्रिशन तपासणी हवी असा नियम केला. प्रत्येकाची! डायटिशियन मोजक्या, त्या कशा पुरणार? तेव्हा कुणालाही पाच मिनिटांच्या आत करता येईल असं काहीतरी हवं झालं. 1999 मध्ये ऑस्ट्रेलियात फर्ग्युसन आणि त्यांच्या टीमनं एमएसटी म्हणजे मालन्यूट्रिशन स्क्रीनिंग टूल तयार केलं, त्यात दोनच गोष्टी विचारायच्या: न ठरवता वजन उतरलंय काय, उतरलं असेल तर किती, आणि भूक कमी झाल्यामुळं जेवण कमी झालंय काय. 2 किंवा जास्त मार्क आले की पेशंट धोक्यात, डायटिशियनला कळवायचं. 2003 च्या सुमारास अमेरिकेतल्या डायटिशियनांच्या संघटनेनं न्यूट्रिशन केअर प्रोसेस मांडली, तिची पहिली पायरी असेसमेंट, आणि स्क्रीनिंग तर त्या पायऱ्यांच्या बाहेर ठेवलं, दारात.

म्हणजे एका वाक्यात फरक?

स्क्रीनिंग विचारतं "हा पेशंट डायटिशियननं बघायला पाहिजे काय?" आणि असेसमेंट विचारतं "याला नेमकं काय झालंय, किती, कशामुळं?" पहिलं सगळ्यांचं, नर्ससुद्धा करते, उत्तर हो किंवा नाही. दुसरं निवडलेल्यांचं, डायटिशियनचं काम, आणि त्यात जेवणाचा इतिहास, मापं, रक्ताचे रिपोर्ट, अंग तपासणं, आजार आणि घरची परिस्थिती असं सगळं जोडून बघायचं असतं.

मग एमएनए म्हणजे मिनी न्यूट्रिशनल असेसमेंट, त्याच्या नावात असेसमेंट आहे, ते स्क्रीनिंग कसं म्हणतात?

नावावर जाऊ नका. म्हाताऱ्या माणसांसाठीचं ते मूळचं 18 प्रश्नांचं, 30 मार्कांचं होतं, 2001 मध्ये त्यातलेच 6 प्रश्न काढून 14 मार्कांचा छोटा फॉर्म केला, तो स्क्रीनिंगचा. नाव तेवढं जुनंच चिकटून राहिलं.

स्क्रीनिंग चुकतं काय?

चुकतं, आणि कसं चुकतं ते आपल्याकडच्या एका पेशंटवरनं सांगते. खानापूर तालुक्यातल्या एक मावशी, पंचावन्नच्या पुढच्या, लिव्हरचा आजार, बेळगावातल्या एका हॉस्पिटलात ॲडमिट. नर्स कन्नड बोलणारी, तिनं विचारलं, "ऊट आतेन्री?" मावशी म्हणाल्या, "आत्री." आता हे आपल्या भागात कुणी कुणाला भेटलं तरी विचारतंय, जेवण झालं काय, झालं की, हा तर रामराम झाला. भुकेचं उत्तर त्यात नाही! नर्सनं परत विचारलं, "पहिल्यासारखं जेवण जातंय काय?" तेव्हा बाहेर आलं, तीन भाकऱ्या खाणारी बाई दोन महिने एका भाकरीवर आणि दोन घास भातावर आलेली. एमएसटीत भुकेला 1 मार्क. वजनाचं विचारलं तर, "वजन कुठं उतरलंय, उलट पोट सुटलंय बघा." सहा महिन्यांपूर्वीच्या चिठ्ठीवर 58 किलो, आताही 58. वजनाला शून्य. एकूण 1, म्हणजे धोका नाही.

फॉर्म नियमाप्रमाणं बरोबर भरलेला होता. पण दुसऱ्या दिवशी राऊंडला मी गेले तेव्हा मावशींच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या आणि पायात मात्र बोट रुतत होतं. वरचं अंग आटलेलं, खालचं सुजलेलं. मग असेसमेंटला बसले. कानशिलं खोल गेलेली, गळ्याखालची हाडं वर आलेली, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर दाबायला सांगितलं की तिथं स्नायूचा उंचवटा यायला पाहिजे, तो आलाच नाही. तीन दिवसांत पोटातलं पाणी काढल्यावर आणि सूज उतरल्यावर वजन 51 भरलं. 58 मधले 7 किलो गेलेले, म्हणजे 12 टक्के, आणि ते सहा महिन्यांच्या आत. कुपोषण ठरवायच्या 2019 च्या ग्लिम या जागतिक निकषांत सहा महिन्यांत 10 टक्क्यांवर वजन उतरणं आणि जोडीला आठवडाभराहून जास्त निम्मं किंवा त्याहून कमी खाणं असेल तर ते गंभीर कुपोषणात बसतं. उंची 152 सेंमी, 51 किलोवर बीएमआय 22, म्हणजे बीएमआयनंही काही सांगितलं नसतं.

मग स्क्रीनिंगचा फॉर्म दुरुस्त करायचा काय?

नाही. प्रश्न आपल्या मनानं बदलले की तपासून पक्कं केलेलं साधन राहत नाही. स्कोअर 1 तसाच ठेवायचा, आणि खाली लिहायचं: सूज आहे, वजन भरवशाचं नाही, असेसमेंट केलं. वजन घेताना पाय बघायची सवय मात्र नर्सना आणि तुम्हालाही लावून घ्या, आणि धोका नाही म्हणून सुटलेल्या पेशंटला आठवड्यानं परत विचारा, कारण वॉर्डात पडल्या पडल्या माणूस खाणं सोडतो.

मावशींना घरी कुणीतरी "लिव्हर आहे, डाळ बंद" सांगितलं होतं आणि त्या इमानदारीत पाळत होत्या, हे तर फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात बसणारं नव्हतं. 51 किलोवर हिशोब करून दिवसाला 60 ग्रॅमच्या वर प्रोटीन, आणि रात्री झोपताना काहीतरी खाल्ल्याशिवाय झोपायचं नाही, एवढं लिहून दिलं. पहिल्या दिवशी आमटीची वाटी तोंडाला लावायला भीत होत्या, लेक शेजारी बसून म्हणत होती, "खा आई, मॅडमनी लिहून दिलंय."