पाम बीचची सपाटी, पेडर रोडचा चढ

पहाटे वाशीहून बेलापूरच्या दिशेने पाम बीच रोडवर धावायला लागलं की सानपाडा, नेरुळ, सीवूड्स एकेक करून मागे पडतात, पण घड्याळातला चढाचा आकडा काही हलत नाही. बेलापूरला पारसिकची टेकडी आहे, ठाणेकरांना येऊर आहे. तरी मधल्या वारी, ऑफिसची लोकल गाठायच्या आधी तिथे जाऊन येणं फार थोड्यांना जमतं. मग जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला पेडर रोडचा चढ समोर आला की वर्षभर सपाटीवर घोटलेली लय तिथे तुटते.

माझ्या एका मैत्रिणीचं असंच झालं होतं. ती सीवूड्सला राहते आणि १० किलोमीटर बरोबर एका तासात धावते. अर्ध मॅरेथॉनमध्ये पेडर रोडवर तिला चालावं लागलं. पुढच्या वर्षासाठी तिने विचारलं, ‘घराजवळ रुळांवरचा पूल आहे, त्यावर वरखाली केलं तर चालेल का? की जिममध्ये ट्रेडमिल चढावर लावू?’ दोन्ही चालतं, पण दोन्हींतून मिळणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. त्यासाठी आधी आपला पूल किती चढतो ते माहीत असायला हवं.

भारतातल्या सपाट भागातल्या रस्त्यांसाठी चढाचं नेहमीचं प्रमाण ३० ला १ असं धरतात. म्हणजे ३० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर, टक्केवारीत ३.३. पुलाखालून ट्रक जायला साधारण साडेपाच मीटर मोकळी उंची ठेवतात, तिच्यात तुळईची जाडी मिळवली की रस्ता सात-आठ मीटरवर जातो. रुळांवरच्या पुलाला विजेच्या तारांमुळे आणखी थोडी उंची लागते. आठ मीटर चढायचे आणि ३० ला १ हे प्रमाण, म्हणजे पुलाची एक बाजू सुमारे २४० मीटर लांब. मैत्रिणीने पावलं मोजून काढलेली लांबी याच्या आसपासच आली.

चढ स्वतः मोजायचा असेल तर फोनमधलं लेव्हल दाखवणारं अ‍ॅप पुरतं. हातभर लांबीची सरळ पट्टी पदपथाच्या कडेच्या दगडावर, चढाच्या दिशेने ठेवायची आणि तिच्यावर फोन. अ‍ॅप अंश दाखवतं. एक अंश म्हणजे सुमारे पावणेदोन टक्के, त्यामुळे ३.३ टक्क्यांच्या पुलावर दोन अंशांच्या जरा खाली आकडा येतो. तीन-चार ठिकाणी मोजा, कारण माथ्याजवळ रस्ता गोलाई घेत सपाट होतो आणि तिथले शेवटचे ३०-४० मीटर चढ म्हणून धरता येत नाहीत. जिथे चढ मरतो तिथला दिव्याचा खांब हीच आपली शेवटची खूण.

घड्याळावर मात्र इथे विसंबू नका. काही अ‍ॅप धावण्याचा मार्ग नकाशावर टाकून जमिनीची उंची वाचतात. त्यांना खालचे रूळ किंवा खाडी दिसते, पूल दिसत नाही. दहा वेळा वरखाली करूनही चढ शून्य! हवेच्या दाबावरून उंची काढणारं घड्याळ बरं, पण आठ मीटर चढल्यावर दाबात पडणारा फरक जेमतेम एक मिलीबार असतो. वाऱ्याच्या झोतानेही तो आकडा डळमळतो.

आता या ३.३ टक्क्यांचा शरीरावर किती भार पडतो ते बघू. सपाटीवर धावताना पोटरीची टाचेजवळची जाड शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, स्प्रिंगसारखी ताणली जाते आणि पुढच्या पावलाला बरीच ऊर्जा परत देते. चढावर दर पावलाला शरीर वर उचलायचं असतं, आणि ही जादाची ऊर्जा स्प्रिंगमधून मिळत नाही; ती नितंब, मांडी आणि पोटरीच्या स्नायूंना नव्याने खर्चावी लागते. प्रयोगशाळेत वेगवेगळ्या चढांवर धावणाऱ्यांचा प्राणवायू मोजून आलेल्या आकड्यांचं सोपं रूप असं सांगता येईल: सौम्य चढावर प्रत्येक टक्क्यामागे दर मीटरचा खर्च सुमारे सहा टक्क्यांनी वाढतो. ३.३ टक्क्यांच्या पुलावर तो जवळपास १९ टक्के जास्त, ६ टक्क्यांवर ३७ टक्के जास्त. १० टक्क्यांवर वाढ थोडी वेगाने होते आणि आकडा ६५ च्या आसपास जातो.

याच हिशेबाने मैत्रिणीची पहिली चूक सापडली. पहिल्या दिवशी ती २४० मीटर ८० सेकंदांत चढली. हा वेग ताशी १०.८ किलोमीटर. १९ टक्के जादा खर्च धरला तर सपाटीवरच्या ताशी जवळजवळ १३ किलोमीटरइतकं कष्ट. तिचा पाच किलोमीटरचा जोर लावून धावण्याचा वेग साडेदहा. साहजिकच सहाव्या फेरीला ११२ सेकंद लागले, मान खाली गेली, कंबरेत वाक आला आणि पावलं रस्त्यावर आपटायला लागली. त्या सकाळी तिने चढ धावण्याचा सराव केलाच नाही, दमलेल्या अवस्थेत वाईट धावण्याचा केला.

साडेदहाला १.१९ ने भागलं की ताशी ८.८ किलोमीटर येतात. या वेगाने तोच चढ ९८ सेकंदांचा. पुढच्या आठवड्यात तिने पंधरा मिनिटं सपाटीवर अंग मोकळं केलं आणि आठ फेऱ्या घेतल्या. प्रत्येक फेरी ९६ ते १०० सेकंदांच्या मध्ये. उतरताना पूर्ण चालत. पहिल्या दोन फेऱ्या तिला फारच सोप्या वाटल्या, शेवटच्या दोन अवघड. असंच व्हायला हवं. पहिली आणि शेवटची फेरी यांत चार-पाच सेकंदांहून जास्त फरक पडला तर सुरुवात चुकली असं समजा.

पण या पुलाला एक मर्यादा आहे. दीड मिनिटात चढ संपतो. पेडर रोडसाठी हे बऱ्यापैकी पुरतं, घाटातल्या शर्यतीसाठी नाही. तिथे सलग चढत राहावं लागतं, आणि तेवढा लांब चढ या भागात ट्रेडमिलवरच मिळतो.

ट्रेडमिलबद्दल एक शंका हमखास निघते आणि ती रास्त आहे. पट्टा कितीही तिरका केला तरी आपण जागच्या जागीच असतो. डोकं छतापासून तेवढंच दूर. उंची वाढलीच नाही, तर चढण्याचे कष्ट कुठून येतात? उत्तर मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर आहे. खाली येणाऱ्या जिन्यावर कुणी वर चढायला लागलं आणि त्याचा वेग जिन्याइतकाच असला, तर तो बघणाऱ्याला एकाच जागी दिसतो. पण त्याचे पाय प्रत्येक पायरी चढतच असतात. थांबला तर खाली जाईल. तिरक्या ट्रेडमिलवरही तसंच: टेकलेलं पाऊल पट्टा मागे आणि खाली नेतो, आणि त्याच्याबरोबर खाली न जाण्यासाठी शरीराला तेवढंच वर ढकलावं लागतं. पट्टा एकाच वेगाने चालत असेल तर पायांच्या दृष्टीने घाट आणि हा पट्टा यांत फरक नाही. ही ऊर्जा जाते कुठे? पट्टा ढकलण्यात. चढ जितका जास्त, तितकं तुमचं वजन पट्ट्याला मागे ओढतं आणि मोटरचं काम हलकं होतं. मला हे उत्तर समजलं त्या दिवसापासून ट्रेडमिलवरचा चढ खोटा वाटायचा थांबला.

म्हणूनच समोरचा दांडा धरला की सगळं बिघडतं. दांडा धरून माणूस मागे रेलतो, अंग पट्ट्याशी काटकोनात येतं आणि वजनाचा काही भाग हातांवर जातो. आकडा ८ टक्के दाखवतो, पाय त्याहून खूपच कमी चढतात. हात सोडवत नसतील तर चढ किंवा वेग उतरवा.

मैत्रिणीसाठी आम्ही ६ टक्के चढ घेतला. साडेदहा भागिले १.३७ म्हणजे ताशी ७.७ किलोमीटर. तीन मिनिटं चढ, मग अडीच मिनिटं पट्टा सपाट करून चाल, अशा पाच फेऱ्या. एका फेरीत ती २३ मीटर चढते, पाचांत ११५. पुलावरच्या आठ फेऱ्यांत ६४ होत होते. शिवाय वेग कमी आणि पाऊल चढाला लवकर टेकतं, त्यामुळे धक्का कमी बसतो. कोलोरॅडो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २००५ मध्ये हे मोजलं होतं: ९ अंशांच्या, म्हणजे फारच तीव्र चढावर पाऊल टेकतानाचा धक्का आलेखात दिसेनासाच झाला, आणि तेवढ्याच उतारावर तो सपाटीपेक्षा ५४ टक्के जास्त.

गुडघ्याला यातून आराम मिळतो, पोटरीला नाही. चढावर घोटा जास्त दुमडतो आणि अकिलीस जास्त ताणली जाते. सकाळी अंथरुणातून उठून पहिली पावलं टाकताना टाचेच्या वर दुखत असेल, तर पुढचा आठवडा चढ बंद. जिममध्ये आणखी एक गोष्ट. रस्त्यावर धावताना आपल्याच वेगाचा वारा अंगाला लागतो, पट्ट्यावर तो नसतो. पंखा समोर नसेल तर त्याच मेहनतीला हृदयाचे ठोके वर जातात. तो आकडा पुलावरच्या आकड्याशी जुळवत बसू नका.

सोसायटीच्या पोडियमवर गाड्या नेणारा रॅम्प अनेकांच्या डोक्यात येतो. तो साधारण १० ला १ किंवा त्याहून तीव्र असतो, पण ३०-४० मीटरांत संपतो. दहा-बारा सेकंदांच्या जोरदार धावा घ्यायला छान, त्याही पहाटे गाड्या निघायच्या आधी आणि वॉचमनला सांगून. पावसाळ्यात नको, तिथली फरशी तेल आणि पाण्याने निसरडी होते. पुलाचंही तेच: पदपथ नसेल तर तो पूल धावण्यासाठी नाही, मग तो कितीही योग्य चढाचा असो.

शेवटी राहिला उतार. बहुतेक ट्रेडमिल खालच्या बाजूला झुकत नाहीत, आणि पेडर रोड चढून झाला की केम्प्स कॉर्नरकडे उतरावंही लागतं. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. याच प्रकारच्या कामाने दुसऱ्या दिवशी जिना उतरणं कठीण होतं. चांगली गोष्ट अशी की थोड्या डोसानेही स्नायू सावरायला शिकतो आणि हा परिणाम काही आठवडे टिकतो. म्हणून शर्यतीच्या आधीच्या दोन महिन्यांत मैत्रीण दर दुसऱ्या आठवड्याला पुलावर जाते, आठातले शेवटचे तीन उतार चालण्याऐवजी धावते, छोटी आणि भरभर पावलं टाकत. पहिल्यांदा तिची मांडी दोन दिवस दुखली. तिसऱ्या वेळी जेमतेम एक संध्याकाळ.