वरची कमेंट कोण ठरवतं?

‘सर्वात वर दिसते ती सर्वाधिक लाइकची कमेंट.’

तसं नेहमी नसतं. यूट्यूबवरचा मालवणच्या घावण्यांचा व्हिडिओ घ्या. नऊ लाइकचा ‘पीठ किती पातळ हवं?’ हा प्रश्न दोनशे लाइकच्या कौतुकावर दिसू शकतो, कारण क्रम लावताना खालची उत्तरंही धरली जातात. व्हिडिओ करणाऱ्या काकूंनी तो पिन केला असेल तर लाइकचा संबंधच उरत नाही. पिन एकच होते. नवी केली की जुनी सुटते. काकूंनी कमेंटला दिलेलं हार्ट मात्र जागा राखत नाही. लिहिणाऱ्याला सूचना जाते, तो परतू शकतो. गप्पा खऱ्या वाढतात त्या काकूंच्या उत्तराने.

पडताळायचंय? पिनची खूण बघा, मग लाइकचे आकडे वरून खाली वाचा. ते नेहमी उतरत्या क्रमाने नसतात.