वरून चिकटवलेली पट्टी आणि पानातच केलेली दुरुस्ती

एका कुलमंडळाचा जुना कुलवृत्तांत पुन्हा छापायचा आहे, असं धरू. खिळे जुळवून छापलेला, आता कुठंच मिळत नाही, म्हणून घरातली एक प्रत स्कॅन करून तशीच्या तशी छापायचं ठरतं. मागच्या शुद्धिपत्रात पान ४७ वरची एक ओळ आहे. पानावर छापलंय, ‘गणेश, जन्म शके १८५३, वास्तव्य सांगली.’ हवं होतं शके १८३५ आणि मिरज. चूक उघड आहे, कारण पुढच्याच ओळीत या गणेशाच्या थोरल्या मुलाचा जन्म शके १८६० दिलाय, म्हणजे बाप सात वर्षांचा! नव्या आवृत्तीत शुद्धिपत्र मागे ठेवण्यापेक्षा ओळच सुधारावी, असं मंडळाला वाटतं. ओळ पांढरी करून पुन्हा लिहायची, एवढंच काम.

हे काम दोन रीतींनी होतं आणि पडद्यावर दोन्ही अगदी सारख्या दिसतात. पहिल्या रीतीत पीडीएफच्या प्रोग्रॅममध्ये त्या ओळीवर पांढरा चौकोन काढतात आणि त्यावर मजकुराची पेटी ठेवतात. दुसरीत पानाचं चित्र बाहेर काढून त्यातले ठिपकेच बदलतात. पहिलीला दोन मिनिटं पुरतात, म्हणून बहुतेक जण तिथंच थांबतात.

पहिल्या रीतीत मूळ चित्राला हातसुद्धा लागत नाही. चौकोन आणि पेटी बऱ्याचदा शेरा म्हणून पानावर तरंगत असतात. Acrobat Reader च्या छपाईच्या खिडकीत Comments & Forms खाली Document निवडलेलं असेल, तर शेरे छापलेच जात नाहीत. पडद्यावर ‘मिरज’ पाहून फाईल छापखान्यात पाठवलेली असते आणि गठ्ठा घरी येतो तो ‘सांगली’ घेऊन. शेरे पानात कायमचे मिसळले, ज्याला फ्लॅटन करणं म्हणतात, तर छपाईचा हा घोटाळा मिटतो. पण तेव्हाही पट्टी चित्राच्या वरच असते आणि खालची ओळ शाबूत राहते. नेमकं काय झालंय हे पाहायला पॉपलर या पीडीएफच्या साधनसंचातल्या दोन आज्ञा पुरतात:

```
pdfimages -f 47 -l 47 -all kul.pdf paan
pdftotext -f 47 -l 47 kul.pdf -
```

पहिली आज्ञा पानातलं चित्र जसं साठवलंय तसं बाहेर काढते. त्यात जुनी ओळ दिसली, तर दुरुस्ती वरवरची आहे. दुसरी आज्ञा पानामागचा शोधता येणारा मजकूर दाखवते. स्कॅनवर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं, झालेलं असेल तर तिथं ‘सांगली’ अजून बसलेलं असतं, आणि फाईलमध्ये ‘सांगली’ शोधणाऱ्या नातवाला आपले आजोबा अजून तिथंच सापडतात. हा मजकुराचा थर दुसऱ्या रीतीतही आपोआप बदलत नाही. चित्र सुधारल्यावर त्या पानाचा ओसीआर नव्यानं करावा लागतो.

(याच कारणानं कुणाचा आधार क्रमांक लपवायला पांढरी पट्टी लावू नये. खालचा आकडा काढणं कुणालाही जमतं.)

आता दिसण्याचं. पट्टी ओळखू येते ती बहुधा अक्षरांमुळे नाही, कागदामुळे. जुन्या पुस्तकाचा कागद स्कॅनमध्ये पांढरा नसतो. रंग तपासला तर लाल, हिरव्या, निळ्याचे आकडे २३८, २२९, २०८ असे काहीतरी निघतात, आणि २५५, २५५, २५५ चा चौकोन त्यावर पांढऱ्या चिकटपट्टीसारखा उठून दिसतो. मग लोक कागदाचा रंग उचलून त्यानं चौकोन भरतात. तरी जमत नाही, कारण कागदाला कण असतो आणि सपाट रंगाला नसतो. शिवाय शिवणीकडे पान आत वळतं, तिथं सावली पडते, म्हणजे एकाच ओळीच्या दोन टोकांना कागदाचा रंग वेगळा असतो.

म्हणून चित्रात काम करताना कागद रंगवायचा नाही, त्याच पानावरून उसना घ्यायचा. जिंप या चित्रं सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये दोन परिच्छेदांमधली कोरी पट्टी निवडून ती सरळ खाली, चुकीच्या ओळीवर आणायची. डावी-उजवीकडे अजिबात सरकवायची नाही, म्हणजे शिवणीपासूनचं अंतर तेच राहतं आणि सावली जुळते. कडा थोड्या विरघळवल्या की सांधा दिसत नाही. स्कॅन निव्वळ काळं-पांढरं, एका बिटचं असेल तर यातलं काहीच लागत नाही, तिथं पांढरं म्हणजे पांढरंच.

मग अक्षरं. नवा युनिकोड फाँट कितीही जवळचा वाटला तरी जुन्या खिळ्यांशी जुळत नाही. शिरोरेषेची जाडी वेगळी, मात्रेचा वळसा वेगळा, आणि छापताना शाई पसरून आलेला भरीवपणा तर नसतोच. आपल्या उदाहरणात टंकायची गरजच नाही. १८५३ मधले ५ आणि ३ फक्त जागा बदलतात, आणि ‘मिरज’ हा शब्द कुलवृत्तांतात दुसऱ्या कुठल्यातरी पानावर सापडणारच. तो तिथून उचलून मल्टिप्लाय मोडमध्ये ठेवला की त्याच्याबरोबर आलेला कागद जवळजवळ नाहीसा होतो आणि शाई उरते. जरा काळवंडलं तर उचललेल्या तुकड्याचा कागद आधी उजळ करून घ्यायचा. ‘सांगली’पेक्षा ‘मिरज’ आखूड आहे, त्यामुळे पूर्णविराम आत सरकवायचा. शब्दांमधल्या जागा ताणून ओळ मूळ लांबीची करायच्या भानगडीत पडू नये.

शब्द मिळालाच नाही आणि टंकावंच लागलं, तर शाई कधीही शुद्ध काळी घेऊ नये. शेजारच्या अक्षराच्या जाड भागातून रंग उचलावा. आणि तिरकसपणा पाहावा. स्कॅन करताना पान ०.४ अंशानं कललं असेल, तर १२०० ठिपक्यांच्या ओळीत शेवटचं अक्षर पहिल्यापेक्षा आठ ठिपके खाली उतरतं. टंकलेली ओळ तेवढी फिरवली नाही, तर वाचणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण नजर तिथंच अडखळते.

काम झाल्यावर पान पीएनजी म्हणून जपावं. जेपेगमध्ये परत परत जपलं की अक्षरांभोवती मळ साचत जातो. पुन्हा पीडीएफ करताना img2pdf वापरणार असाल तर चित्रात डीपीआयची, म्हणजे एका इंचात किती ठिपके याची, नोंद आहे ना ते बघा. ती नसेल तर हा प्रोग्रॅम ९६ डीपीआय धरतो, आणि ३०० ला स्कॅन केलेलं पान बाकीच्यांच्या तिप्पट मोठं होऊन बसतं.

पहिली रीत मग कधीच नको का? मंडळाच्या कार्यकारिणीला मसुदा दाखवायचा असेल तर तीच बरी. शेरा खोडता येतो, जागा हलवता येते, आणि मूळ ओळ खाली असल्यामुळे कुणी हरकत घेतली तर लगेच दाखवता येते. छापखान्यात जाणारी फाईल मात्र दुसऱ्या रीतीची हवी.

ही सगळी खटपट आपल्या पुस्तकापुरती. जन्मदाखला, सातबारा, गुणपत्रिका यांवरची ओळ कितीही चुकीची असली तरी ती ज्यानं दिली त्या कार्यालयातूनच दुरुस्त होते. फसवण्यासाठी स्कॅनवर ती बदलली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ प्रमाणे ते बनावटीकरण ठरतं. कुलवृत्तांतातही नव्या आवृत्तीच्या निवेदनात एक वाक्य घालावं: ‘पान ४७ वरील गणेश यांची नोंद मूळ शुद्धिपत्राप्रमाणे सुधारली आहे.’ नाहीतर दहा वर्षांनी कुणीतरी जुनी प्रत शेजारी ठेवून विचारेल, यातलं खरं कुठलं.