स्पायरोनोलॅक्टोनसोबत पोटॅशियमची तपासणी कशी आली

मूत्रपिंडाच्या शेवटच्या नलिकांमध्ये अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक पेशीत शिरतं, त्याला ओळखणाऱ्या ग्राहकाला म्हणजे रिसेप्टरला चिकटतं आणि सोडियम आत घेणाऱ्या वाहिन्या वाढवतं. सोडियम रक्तात परत येतं, त्याच्या बदल्यात पोटॅशियम लघवीत टाकलं जातं. स्पायरोनोलॅक्टोन हा ग्राहकच अडवतं. म्हणजे सोडियम-पाणी बाहेर आणि पोटॅशियम आत. औषधाचा फायदा आणि धोका एकाच जागी आहेत.

अल्डोस्टेरॉन १९५३ मध्ये वेगळं केलं गेलं आणि दशक संपता संपता सर्ल कंपनीने स्पायरोनोलॅक्टोन तयार केलं. बरीच वर्षं ते सूज आणि रक्तदाबाचं औषध होतं. १९९९ मध्ये रेल्स चाचणीने चित्र पालटलं: तीव्र हृदय निकामीपणाच्या १६६३ रुग्णांत, साधारण २५ मिलिग्रॅम मात्रेवर, मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. पोटॅशियम गंभीर वाढलेले रुग्ण जेमतेम २ टक्के. पण चाचणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक, २.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असलेल्यांना घेतलंच नव्हतं आणि रक्त ठरलेल्या वेळी तपासलं जात होतं.

चाचणीबाहेर तसं झालं नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये एसीई इनहिबिटर, म्हणजे पोटॅशियम वाढवू शकणारी रक्तदाब-हृदयाची औषधं घेणाऱ्या, हृदय निकामी झालेल्या वृद्धांत हे औषध भराभर लिहिलं गेलं. पोटॅशियम वाढून इस्पितळात येणाऱ्यांचं प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होतं, ते २००१ मध्ये ११ झालं.

हे कसं घडतं? समजा, सत्तरीचे आजोबा एनालाप्रिल हे एसीई इनहिबिटर आणि स्पायरोनोलॅक्टोन २५ घेतात, पोटॅशियम ४.६ मिलिमोल प्रति लिटर म्हणजे ठीक आहे. जुलाब लागतात, शरीरातलं पाणी कमी होतं, गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन चालू होतं, वर पोटॅशियमने भरलेलं शहाळ्याचं पाणी आणि 'कमी सोडियमचं' मीठ. त्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं, हे घरी कुणी पाहत नाही. मूत्रपिंड मंदावतं आणि पोटॅशियम ६ च्या वर जातं. बहुतेकदा काहीच जाणवत नाही. फार तर पायांत अशक्तपणा. ईसीजीत उंच, टोकदार टी लाटा दिसू शकतात, नाडी मंदावू शकते. म्हणूनच लक्षणांची वाट पाहत बसायचं नसतं.

आताची साधारण पद्धत अशी: सुरू करण्याआधी, मग १ आठवड्याने, ४ आठवड्यांनी आणि पुढे दर काही महिन्यांनी पोटॅशियम व क्रिएटिनिन. ५.५ च्या वर गेलं तर डॉक्टर मात्रा निम्मी करतात, ६ च्या वर औषध बंद. मात्र नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या असतील तर आकडा खोटा चढतो. पुन्हा रक्त घ्यावं लागतं. गोळी थांबवली तरी तिचे सक्रिय घटक काही दिवस रेंगाळतात, त्यामुळे पोटॅशियम लगेच उतरत नाही.

रेल्समध्ये सुमारे १० टक्के पुरुषांना स्तनांची वाढ किंवा दुखणं झालं, कारण स्पायरोनोलॅक्टोन पुरुष-संप्रेरकाचा ग्राहकही अडवतं. एप्लेरेनोन २००२ मध्ये आलं ते यासाठीच. ते निवडक आहे, हा त्रास त्याने क्वचित होतो. पोटॅशियमच्या बाबतीत मात्र सुटका नाही. उलट क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक किंवा कीटोकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध यांच्यासोबत एप्लेरेनोनची रक्तातली पातळी इतकी वाढते, की ही जोडी टाळायची असते.